कोटेशनमधला दराचा भाग

मॉड्युलर किचनचं काम करता आणि कोटेशनमध्ये एवढंच लिहिता: ‘किचन, 2,40,000 रुपये. निम्मे आधी, बाकी काम झाल्यावर.’ ग्राहक हो म्हणतो, पण त्याच्या मनात ओटा आणि चिमणीही त्याच पैशांत असते.

म्हणून आधी कशाचे पैसे घेताय ते लिहा: 18 मिमी वॉटरप्रूफ प्लायचे बॉक्स, लॅमिनेटचे दरवाजे, 6 ट्रॉल्या, वाहतूक, फिटिंग. लगेच खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, काय नाही तेही लिहा: ग्रॅनाइट, टाइल्स, नळकाम, विजेचे पॉइंट, चिमणी. अगदी शेवटी बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ असं लिहिलं, तर ते कुणी वाचत नाही. जीएसटीही तिथेच मांडा. 18 टक्क्यांनी 43,200, म्हणजे एकूण 2,83,200 रुपये.

खरी भांडणं ‘काम झाल्यावर’ या दोन शब्दांवरून होतात. एक बिजागरी करकरली तरी ग्राहकाच्या लेखी काम अपुरंच. त्यामुळे प्रत्येक हप्ता डोळ्यांना दिसेल अशा टप्प्याला बांधा: मापं घेऊन ड्रॉइंगवर सही झाली की 24,000, माल मागवताना 96,000, माल घरी उतरला की 96,000 आणि फिटिंगनंतर 7 दिवसांत त्रुटी दूर करून उरलेले 24,000. प्रत्येक हप्त्यावर जीएसटी वेगळा. ड्रॉइंगवर सही झाल्यानंतर ग्राहकाने सातवी ट्रॉली मागितली, तर तिचा दर आधी लेखी कळवा, मगच करवत हातात घ्या.