व्ह्यूज वाढले म्हणता, पण कुठल्या मापाने मोजले?



डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की सगळीकडे एकच गाणं सुरू होतं. यंदा इतके व्ह्यूज झाले, इतके सबस्क्रायबर वाढले, पुढच्या वर्षी दुप्पट करणार! आपल्या नंदुरबार, शहादा, तळोदा भागात मिरची, मसाला, आमचूर विकणारे बरेच जण आता फोनवर व्हिडिओ टाकतात, त्यामुळे हे गाणं आपल्याकडेही आलंय. गाण्याबद्दल तक्रार नाही. पण यंदाचा, म्हणजे २०२५चा हिशेब मांडताना एक मेख आहे. ती कळली नाही तर खाली आलेला धंदा तुम्हाला वर गेलेला दिसेल, आणि पुढच्या वर्षाचं सगळं नियोजन त्या खोट्या आकड्यावर उभं राहील.

३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायचं माप बदललं. त्याआधी शॉर्ट ठरावीक काही सेकंद बघितला गेला तरच व्ह्यू धरला जायचा. आता शॉर्ट नुसता सुरू झाला, किंवा संपून परत सुरू झाला, तरी व्ह्यू धरतात. बघणाऱ्याने पुढच्या क्षणी अंगठ्याने वर सरकवला तरी चालतं. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर आधी आत येऊन मालाला हात लावणारा मोजत होते, आता दारावरून जाणाराही मोजतात. लांब व्हिडिओंचं मोजमाप मात्र आहे तसंच आहे.

जुनं माप यूट्यूबने फेकून दिलेलं नाही. ते `Engaged views` या नावाने ठेवलंय, आणि शॉर्ट्सचे पैसे किंवा पैसे मिळण्याची पात्रता यूट्यूब अजूनही त्यावरच ठरवतं. यातच सगळं आलं. स्वतः पैसे द्यायची वेळ येते तेव्हा ते जुनं माप वापरतात, मग तुम्ही तुमच्या धंद्याचा निर्णय नव्या मापावर का घ्यायचा?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा, एक ताई नंदुरबारात लाल तिखट करून पाकिटं विकतात आणि शॉर्ट्स टाकतात. २०२४ मध्ये त्यांच्या शॉर्ट्सचे व्ह्यूज होते १,२०,०००. २०२५ मध्ये झाले २,१०,०००. म्हणजे ७५ टक्के वाढ, घरात पेढे. आता कॉम्प्युटरवर यूट्यूब स्टुडिओ उघडा, `Analytics` मध्ये `Advanced mode` वर जा, फक्त शॉर्ट्स निवडा आणि `Engaged views` चा रकाना जोडून घ्या. जानेवारी ते मार्च दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच दिसतील, धरा ३६,०००. एप्रिलपासून रस्ते वेगळे होतात. एप्रिल ते डिसेंबर व्ह्यूज १,७४,०००, पण `Engaged views` ७८,०००. आता जुन्या मापाने वर्षाची बेरीज करा. ३६ आणि ७८, एकूण १,१४,०००. गेल्या वर्षीचे १,२०,००० याच मापाचे होते. म्हणजे वाढ राहिली बाजूला, ५ टक्के घट आहे.

आता गंमत बघा. हा बदल आला कधी? ऐन एप्रिलच्या तोंडावर. आपल्याकडे ओली लाल मिरची साधारण ऑक्टोबरपासून बाजार समितीत यायला लागते, पथारीवर वाळते, आणि घरोघरी वर्षाचं तिखट-मसाला करायची घाई असते फेब्रुवारी ते मे. त्यामुळे एप्रिलमध्ये आकडा वर गेलेला बघून ताईंना वाटणार, मोसम जोरात आहे. त्याच अंदाजाने त्या पुढच्या वर्षासाठी जास्त मिरची भरून ठेवणार. मिरची भरायला पैसे रोख लागतात, तिथे व्ह्यूज चालत नाहीत.

अजून एक बारीक गोष्ट. १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्टमध्ये धरला जातो. आधी ही मर्यादा एक मिनिटाची होती. त्यामुळे दोन मिनिटांचा तुमचा उभा व्हिडिओ २०२४च्या गणपतीत टाकला असेल तर तो लांब व्हिडिओंच्या खात्यात आहे, आणि तसाच व्हिडिओ २०२५च्या गणपतीत टाकला असेल तर शॉर्ट्सच्या. "लांब व्हिडिओ कोणी बघत नाही हो" असं म्हणण्याआधी हे तपासा.

ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे त्यांच्याकडे उलटा प्रकार झालाय. `Search Console` मध्ये सप्टेंबर २०२५च्या मध्यापासून अनेकांचे `Impressions` एकदम खाली आले. कारण असं की, गूगलवर कोणाची साइट कितव्या नंबरवर आहे हे तपासणारी सॉफ्टवेअर्स एका फटक्यात शंभर निकाल मागवायची. माणूस कुठे दहाव्या पानापर्यंत जातो? पण या सॉफ्टवेअर्समुळे तिथल्या साइट्सचीही हजेरी लागत होती. गूगलने त्या महिन्यात शंभर निकाल मागवायची सोय बंद केली आणि ती खोटी हजेरी गेली. तेव्हा `Impressions` कमी झाले आणि `Clicks` तेवढेच राहिले असतील तर घाबरून साइट बदलत बसू नका. आणि त्याच वेळी `Average position` सुधारलेली दिसली तर त्याचं श्रेयही घेऊ नका.

माप झालं, आता वर्षाबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की १ जानेवारी ते ३१ डिसेंबर हे वर्ष आपल्या भागातल्या बहुतेक धंद्यांना लागू पडत नाही. मिरचीचा मोसम या वर्षात मधोमध कापला जातो. आर्थिक वर्ष धरलं तर अजून वाईट, ३१ मार्चला मसाल्याचा मोसम ऐन रंगात असतो. मिरची-मसालावाल्यांनी आपला हिशेब १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा लावावा. यूट्यूब स्टुडिओत तारखा हव्या तशा टाकता येतात, पाच मिनिटांचं काम आहे.

यात्रेवर धंदा असणाऱ्यांनी तर इंग्रजी महिन्यांवर अजिबात विसंबू नये. सारंगखेड्याची यात्रा घ्या. ती दत्तजयंतीला भरते, आणि दत्तजयंती तिथीने येते. २०२३ मध्ये ती २६ डिसेंबरला होती, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला आणि यंदा ४ डिसेंबरला. आता खोगीर, लगाम, घोड्याचा साज विकणाऱ्या एखाद्या भाऊंचा विचार करा. २०२३च्या यात्रेची बरीचशी गर्दी जानेवारी २०२४ मध्ये गेली, आणि २०२४ची यात्रा डिसेंबर २०२४ मध्येच आली. म्हणजे २०२४ या एका वर्षात त्यांना जवळपास दोन यात्रांचे बघणारे मिळाले. २०२५ मध्ये एकच. काहीही बिघडलेलं नसताना भाऊंचा आकडा पडलेला दिसणार. त्यांनी दत्तजयंतीच्या आधीचे २१ दिवस आणि नंतरचे १४ दिवस अशी खिडकी धरावी आणि दरवर्षीची तेवढीच खिडकी समोरासमोर ठेवावी.

आणि पुढचं आत्ताच लिहून ठेवा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्यानंतरचे सण पुढे सरकतात. दत्तजयंती २३ डिसेंबरच्या आसपास येईल. म्हणजे यात्रेची बरीचशी उलाढाल जानेवारी २०२७ मध्ये जाणार आणि २०२६चा वर्षाचा आकडा कमी दिसणार. पुढच्या डिसेंबरात मला "सर, चॅनेल बसलं" असा फोन करण्याआधी हा परिच्छेद परत वाचा.

चुकांबद्दल बोलायचं तर शॉर्ट्सच्या बाबतीत एक चूक मला जवळपास प्रत्येक बॅचमध्ये दिसते. शॉर्टच्या खाली ऑर्डरची लिंक टाकलेली असते, आणि मग "लाख लोकांनी बघितलं पण लिंकवर कोणी आलं नाही" अशी तक्रार असते. येणार कसं? ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक दाबल्या जातच नाहीत. तो माणूस नंबर पाठ करून व्हॉट्सअ‍ॅप उघडेल अशी अपेक्षा ठेवू नका. शॉर्टला `Related video` म्हणून तुमचा एक लांब व्हिडिओ जोडा, त्या व्हिडिओच्या वर्णनात लिंक ठेवा. लिंक अशी बनवा:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=TIKHAT-1
```

X च्या जागी तुमचा दहा अंकी नंबर. ही लिंक दाबली की गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये TIKHAT-1 असा मेसेज आधीच लिहून येतो, त्याने फक्त पाठवायचा. दुसऱ्या व्हिडिओला TIKHAT-2 द्या. कोणत्या व्हिडिओवरून गिऱ्हाईक आलं हे विचारावंसुद्धा लागत नाही. काही जण तो शब्द पुसून "भाव काय?" असं लिहितील, ते धरून चाला. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये लेबल लावायची सोय आहे, मेसेज आला की व्हिडिओचं लेबल आणि माल गेला की ऑर्डरचं लेबल लावा. हे रोज संध्याकाळी दुकान बंद करताना करायचं. महिनाअखेरीला करायचं ठरवलंत तर होत नाही, लिहून देतो.

मग पुढच्या वर्षअखेरीला तुमच्याकडे तीन आकडे असतील: किती जणांनी खरंच बघितलं, किती जणांनी मेसेज केला, आणि किती पाकिटं गेली. मला विचाराल तर पहिला आकडा घसरून तिसरा वाढला तर ते वर्ष चांगलं गेलं. नाशिकला किंवा सुरतेला पाकीट पाठवायची तयारी नसताना तिथल्या लाख लोकांनी बघून तुमच्या गल्ल्यात काय पडणार आहे?

एक काम मात्र याच आठवड्यात करा. यूट्यूबचा जुना हिशेब राहतो, पण `Search Console` फक्त १६ महिन्यांचा ठेवतं. म्हणजे फेब्रुवारी ते मे २०२४चा मोसम तिथून केव्हाच गेला, आता तो मिळणार नाही. फेब्रुवारी ते मे २०२५चा अजून आहे. तो `Export` करून घ्या आणि स्वतःच्या ईमेलला पाठवून ठेवा. २०२६चा मसाल्याचा मोसम संपल्यावर जुलैत तुलना करायला बसलात तर २०२५चा फेब्रुवारी गळून गेलेला असेल.

यूट्यूबवरून `Engaged views` काढताना अडलं तर कमेंटमध्ये लिहा. पण चॅनेलचं नाव आणि कुठल्या तारखा टाकल्या ते दोन्ही लिहा, नुसतं "सर, दिसत नाही" असं लिहू नका.