शून्य की ‘ओ’? जुन्या दस्तातील पेच

जुने टंकलिखित इंग्रजी खरेदीखत स्कॅन करून त्यातील मजकूर संगणकाकडून ओळखून घेतला, की सर्व्हे क्रमांक `104` कधीकधी `1O4` असा उमटतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही. मात्र मालकीहक्काच्या शोधात `104` टाकल्यास तो दस्त हाती लागत नाही. सरसकट प्रत्येक `O` चे शून्य केल्यास `OF` चेही `0F` होते. म्हणून अंकाला लागून आलेला `O` तेवढाच बदलणे श्रेयस्कर.

एका अंकाचा दुसराच अंक वाचला गेल्यास मात्र हा नियम निरुपयोगी ठरतो. 10 गुंठ्यांचे 70 झाल्यास, एकरात 40 गुंठेच असल्याने ‘2 एकर 70 गुंठे’ ही चूक उघड होते. 16 झाल्यास ती लपून राहते. तेथे अक्षरी लिहिलेले क्षेत्र आणि मूळ प्रतिमा यांच्याशी ताळा घेण्यास पर्याय नाही.