ट्रॅक्टर दारात, मालकी कागदात



बैलजोडी परवडत नाही, ट्रॅक्टर एकरकमी घेता येत नाही, म्हणून पाचसहा एकरांचा कोरडवाहू शेतकरी आता भाडेखरेदीकडे वळतो आहे. हंगामाला हप्ता भरायचा, देखभाल आपण करायची आणि शेवटचा हप्ता फिटला की ट्रॅक्टर आपला. बोलणे सोपे आहे. करार मात्र वाचून, समजून केला पाहिजे. भाडेखरेदीचा कायदा १९७२ साली झाला, पण तो सरकारने कधी अंमलातच आणला नाही आणि २००५ साली रद्द करून टाकला. म्हणजे आपले रक्षण करणारा असा खास कायदा नाही. ज्या कागदावर आपण सही करतो तोच आपला कायदा.

आधी व्याजाचा हिशेब. समजा, ट्रॅक्टर ५ लाखांचा. १ लाख रोख दिले, ४ लाख राहिले. विक्रेता सांगतो, "सरसकट १० टक्के, ४ वर्षे." व्याज झाले १ लाख ६० हजार. एकूण ५ लाख ६० हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ४० हजारांचा हप्ता. १० टक्के ऐकायला बरे वाटतात. पण आपण दरवर्षी मुद्दल फेडत जातो आणि व्याज मात्र चारही वर्षे पुऱ्या ४ लाखांवर लावलेले असते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब मांडला तर हा दर जवळजवळ १५ टक्के भरतो. ताळा करून पाहा. ४ लाखांवर १५ टक्क्यांनी ६० हजार व्याज, हप्ता वजा जाता राहिले ३ लाख २० हजार. असेच पुढे करत गेलात तर चौथ्या हप्त्याला सारे फिटते. म्हणून दर विचारताना "उरलेल्या मुद्दलावर किती?" असेच विचारावे.

आता हा हप्ता यायचा कुठून? सहा एकरांचा कोरडवाहू कापूस तो देणार नाही. तो भाड्याच्या नांगरणीतूनच काढावा लागेल. डिझेल, ड्रायव्हर जाऊन एकरी हजार रुपये सुटले असे धरले, तरी १४० एकर नांगरावे लागतात. गावात तेवढे काम आहे का, आणि दुसरे ट्रॅक्टर किती आहेत, हे आधी मोजा. शिवाय पाऊस दगा देतो त्या वर्षी कापूसही जातो आणि भाड्याचे कामही जाते. दोन्ही दारे एकदमच बंद होतात.

म्हणून हप्त्याची तारीख पिकाकडे पाहून ठरली पाहिजे. मोठा हिस्सा कापूस विकल्यावर जानेवारीत, उरलेला रब्बी ज्वारी हाती आल्यावर मार्चअखेर. जूनमध्ये हप्ता म्हणजे बियाण्याच्या पैशावर घाला. आणि गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली तर त्या वर्षीचा हप्ता दंड न लावता मुदतीच्या शेवटी जाईल, असे कलम लिहून घ्या. ही दया नव्हे. नफ्यात भागीदार असणाऱ्याने जोखमीतही भागीदार व्हावे, एवढाच त्याचा अर्थ.

देखभालीचे कलम बहुधा एका ओळीचे असते, "सर्व दुरुस्ती घेणाऱ्याकडे." ते मान्य करू नका. झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे ऑइल, फिल्टर, टायर, क्लच प्लेट आपल्या. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक पंप यांचा मूळ दोष मात्र मालकाचा, कारण मालकी अजून त्याची आहे. पण आपली बाजूही पक्की हवी. आपल्याकडच्या फुफाट्यात एअर क्लीनर रोज पाहावा. तो तुंबला की धूर काळा येतो, ओढ कमी होते, आणि धूळ आत गेली तर इंजिन ऑइल खाऊ लागते. मीटरचे तास, ऑइल बदलल्याची तारीख वहीत लिहा, पावत्या जपा. उद्या "तुम्हीच बिघडवला" म्हणतील तेव्हा ही वहीच साक्ष देईल.

एक धोका फारसा कोणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे भाडेखरेदीचे वाहन ज्याच्या ताब्यात, तोच मालक धरला जातो. विकायला आपण मालक नाही, पण अपघात झाला की आपणच मालक! विमा एक दिवसही चुकवू नका.

शेवटी खरेदी. "मुदतीनंतर बाजारभावाने" असे लिहिले असेल तर सही करू नका. त्या दिवशी भाव तेच ठरवतील. शेवटची रक्कम आजच आकड्यात आणि अक्षरात लिहा. हप्ते फिटले तरी आर.सी. बुकावर त्यांचे नाव राहतेच. नमुना ३५ वर त्यांची सही घेऊन आर.टी.ओ.कडून ते काढून घेतल्याशिवाय ट्रॅक्टर आपला झाला असे समजू नका.

आम्हाला सबसिडीची भीक नको. करार मराठीत असावा, त्याची प्रत शेतकऱ्याच्या हातात असावी आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही मागू नये, एवढेच मागणे आहे. ज्यांनी असे करार केले आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला आपापले कागद घेऊन यावे. एकट्याने वाचले तर अक्षरे दिसतात, दहाजणांनी मिळून वाचले की फास दिसतो.