चित्रातला ओटा आणि मेढ्याचं घर

मेढ्याला नवं घर बांधायला निघालं की मुंबईच्या मुलाकडून मोबाइलवर एक चित्र येतं. भिंत नसलेलं स्वयंपाकघर, मधोमध लांबलचक ओटा, त्यावर टांगते दिवे, समोर उंच स्टुलं. ओट्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध. हे संगणकावर काढलेलं चित्र असतं, फोटो नव्हे. त्यातला कॅमेरा भिंतीच्या पलीकडे उभा करता येतो, म्हणून दहा फुटांची खोली पंधराची वाटते. चित्रातल्या फरशा मोजा. त्या दोन बाय दोनच्या असतील, तर खोलीचा खरा अंदाज लगेच येतो.

समजा, तुमच्या स्वयंपाकघराची खोली दहा फूट आहे. भिंतीलगतचा ओटा दोन फूट. त्याच्या आणि मधल्या ओट्याच्या मध्ये साडेतीन फूट हवेत, नाहीतर फ्रिजचं दार उघडलं की दुसऱ्याला थांबावं लागतं. मधला ओटा खाली कपाटासाठी दोन फूट, आणि बसणाऱ्याचे गुडघे आत जावेत म्हणून फूटभर पुढे. झाले साडेआठ. उरलेल्या दीड फुटात स्टूल ओढून बसायचं आणि मागून कुणी जायचं, हे जमत नाही. त्याला तीन फूट लागतात.

पुढे आलेला फूटभर दगड तर नुसता अधांतरी ठेवूच नये. खाली लोखंडी आधार लागतो, आणि चित्रात तो दिसत नाही.

आता ती एकसंध कड. ग्रॅनाइटची लादी साधारण नऊ-दहा फुटांपर्यंत मिळते, ओटा बारा फुटांचा केला की सांधा आलाच. जाड दिसणारी कडही बहुधा पाऊण इंची लादीखाली पट्टी चिकटवून केलेली असते. सांध्याची काळजी आपल्या घरात जास्त, कारण बकरी ईदला याच ओट्यावर गोश्ताचे वाटे होतात. फटीत चरबी आणि रक्त शिरलं की दोन दिवसांनी वास येतो, आणि मग पुसून काही उपयोग नसतो. म्हणून ओट्याची लांबी मिळणाऱ्या लादीएवढीच ठेवा, दुकानात जाऊन लादी आधी मापा. सांधा टळतच नसेल, तर तो सिंक आणि शेगडीपासून दूर घ्यायला कारागिराला सांगा.

दहा फुटांच्या खोलीत मी स्टुलं आणि तो पुढचा फूट दोन्ही काढेन. दोन फुटी मधला ओटा कामाला भरपूर, मागे अडीच फूट जायला वाट राहते. जेवण दस्तरखानावरच. गुडघे दुखणाऱ्या अम्मीला उंच स्टुलावर चढवण्यापेक्षा साधी खुर्ची बरी.

भिंतीचा निर्णय घरातल्या बायकांना विचारून घ्या. बैठकीत पुरुष मेहमान असताना स्वयंपाक करणारीला मोकळेपणा हवा असतो, आणि मेढ्याच्या पावसात खिडक्या बंद असल्या की फोडणीचा धूर थेट बैठकीत. अर्धी भिंत किंवा सरकतं दार पुरतं.