यमक कानाने शिकवावे

इंग्रजी कविता शिकवताना आपण यमकांखाली रेघ ओढतो. आघात कोठे पडतो, हे मात्र सांगत नाही. माझ्या मते कवितेची अर्धी चाल तेथेच हरवते. ‘लाइट–नाइट’ हे एका उच्चारात संपणारे शब्द आहेत. आघात अखेरीसच येतो आणि ओळ ठामपणे मिटते. ‘मेकिंग–टेकिंग’मध्ये आघात ‘मे’ आणि ‘टे’वर पडतो, ‘किंग’ हलकेच ओसरते व ओळ किंचित रेंगाळते.

लाँगफेलोच्या ‘अ साम ऑफ लाइफ’ (१८३८) या कवितेत प्रत्येक कडव्याच्या पहिल्या व तिसऱ्या ओळीचा शेवट निराघात, तर दुसऱ्या व चौथ्या ओळीचा साघात आहे. पाऊल उचलावे आणि टेकवावे, तशी ही लय. निराघात शेवट नेहमी कोमलच असतो, असेही नाही. बायरनने ‘डॉन जुआन’मध्ये त्यातून थट्टा साधली.

मराठीच्या सवयीने आपली मुले ‘किंग’लाही ‘मे’इतकेच वजन देतात आणि दोन्ही शेवट एकसारखे होतात. म्हणून आघातावर टाळी देत वाचून घ्यावे. शेवटच्या टाळीनंतर काही उच्चार उरला, तर शेवट निराघात समजावा.