नामंजूर, पण किती आणि का?

खरिपाचे प्लॉट बघायला बियाणे कंपन्यांची माणसं बाहेर पडली की जालन्यातल्या अकाउंट्स विभागांत टीए बिलांचा गठ्ठा वाढतो. त्यातली काही बिलं परत जातात. बिल परत जाण्याबद्दल सहसा कुणाची तक्रार नसते. वाद पेटतो तो सोबतच्या ईमेलमुळे. म्हणून या अंकात आपल्या वाचकांसाठी असाच एक ईमेल दुरुस्त करून पाहू. उदाहरण नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण मजकूर ओळखीचा वाटेल.

एक क्षेत्र अधिकारी तीन दिवस यवतमाळला जाऊन आला. त्याचं बिल ६,६८० रुपयांचं: एसटी ९८०, लॉज दोन रात्रींचे ३,६००, दैनिक भत्ता ९०० आणि गावोगाव फिरायला केलेल्या गाडीचे १,२००. त्याला उत्तर गेलं:

‘विषय: टीए बिल नामंजूर. आपले बिल पॉलिसीनुसार नसल्याने नामंजूर करण्यात येत आहे. यापुढे काळजी घ्यावी.’

प्रत त्याच्या साहेबांना.

हिशेब नीट पाहिला तर नामंजूर झाले आहेत फक्त ६०० रुपये. कंपनीच्या नियमात यवतमाळ ‘ब’ वर्गात येतं आणि तिथे लॉजची मर्यादा रात्रीला १,५०० आहे. याने १,८०० दिले, कारण मागच्या महिन्यात नागपूरला, म्हणजे ‘अ’ वर्गात, तेवढे मिळाले होते. गाडीचे १,२०० नुसते अडकले आहेत: पावतीवर गाडीचा नंबर नाही आणि चालकाची सही नाही, त्यामुळे पैसे कोणाला आणि कुठल्या फेरीसाठी गेले हे ऑडिटरला दाखवता येत नाही. उरलेले ४,८८० बिनतक्रार मंजूर आहेत.

म्हणजे मूळ ईमेलने तीन वेगळ्या गोष्टी ‘नामंजूर’ या एका शब्दात कोंबल्या. मिळणारे पैसे, कागद आल्यावर मिळणारे पैसे आणि कधीच न मिळणारे पैसे आधी वेगळे केले की निम्मी दुरुस्ती तिथेच होते. बाकीच्यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ चं कलम ७(८) नजरेसमोर ठेवावं. अर्ज नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचं, या तिन्ही गोष्टी अर्जदाराला कळवणं त्यात बंधनकारक आहे. खासगी कंपनीच्या टीए बिलाला हे कलम लागू नाही, पण नकाराचं पत्र कसं असावं याचा इतका आटोपशीर साचा दुसरीकडे शोधायची गरज नाही. त्यावरून दुरुस्त मजकूर असा होतो:

‘विषय: यवतमाळ दौरा – ४,८८० मंजूर, १,२०० साठी पावती हवी

नमस्कार सर,
आपल्या ६,६८० रुपयांच्या बिलापैकी ४,८८० मंजूर असून या महिन्याच्या पगारासोबत जमा होतील.
गाडीच्या १,२०० रुपयांच्या पावतीवर गाडी नंबर व चालकाची सही नाही. दोन्ही असलेली पावती १० तारखेपर्यंत पाठवावी, रक्कम लगेच मंजूर करू.
लॉजचे ६०० रुपये देता येणार नाहीत. यवतमाळ ‘ब’ वर्गात असल्याने प्रवास नियम ४.२ प्रमाणे रात्रीची मर्यादा १,५०० आहे. ‘अ’ वर्गातील गावांना ती १,८०० आहे. नियमाचे पान जोडले आहे.
कमी दरात खोली मिळाली नसल्यास तसे कारण १५ दिवसांत वित्त व्यवस्थापकांना कळवता येईल.’

‘यापुढे काळजी घ्यावी’ हे वाक्य गेलं, कारण त्यात माहिती काहीच नव्हती, नुसता ठपका होता. साहेबांची प्रतही गेली. सहाशे रुपयांच्या फरकासाठी माणसाला वरिष्ठांसमोर उभं करायचं कारण नाही. विषयाच्या ओळीत आकडा आला, कारण शेतात उभ्या माणसाला मोबाईलवर आधी तेवढंच दिसतं. ‘देता येणार नाहीत’ मात्र स्पष्टच लिहिलं आहे. ‘सध्या अवघड दिसते’, ‘बघू’ अशी मऊ भाषा आदराची वाटते, पण समोरचा पुढचे दोन महिने वाट बघत बसतो. शेवटची ओळही फक्त तेव्हाच लिहावी, जेव्हा व्यवस्थापकांना अपवाद करायचा अधिकार खरोखर असेल.

मजकूर जमला की नाही, हे येणाऱ्या उत्तरावरून कळतं. ‘मग मला किती मिळणार?’ असा फोन आला, तर ईमेल फसला. नुसती पावती आली, तर जमला. पावती खोटी असल्याचा संशय असेल, तर तो विषय या ईमेलमध्ये सूचकपणेही आणू नये. त्याची विचारणा स्वतंत्रपणे आणि समोरासमोर व्हावी.

शब्दांनी न सुटणारी एक अडचण उरते. अनेक ठिकाणी मर्यादा तोंडी ठरलेली असते, किंवा तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या सर्क्युलरमध्ये पडून असते. नियमाचा क्रमांक लिहायला गेलात आणि क्रमांकच सापडला नाही, तर तो ईमेल पाठवू नका. आधी नियम लिहून काढा, सगळ्यांना कळवा आणि या वेळचे सहाशे रुपये देऊन टाका.