अंड्याच्या जागी केळं : पोट भरलं, पण ताट भरलं का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ द्यायचं होतं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद झाला आणि ज्या शाळेला अंडं द्यायचं असेल तिने लोकसहभागातून पैसे उभे करावेत असं सांगण्यात आलं. निधी बंद करणं चुकीचंच होतं. पण अंड्याला पर्याय म्हणून केळं, हा हिशेब तर पहिल्या दिवसापासूनच चुकला होता आणि त्यावर फारसं कुणी बोललं नाही.

एका अंड्यात अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडं जास्त जस्त असतं, २० ते २५ मायक्रोग्रॅम आयोडिन असतं आणि मेंदू व डोळ्यांना लागणारी ओमेगा-३ स्निग्धं थोडी असतात. जस्त म्हणजे झिंक. केळं फळ म्हणून चांगलं आहे, पण त्यात या तिन्ही गोष्टी जवळजवळ नाहीत. मासे आणि अंडी क्वचितच शिजणाऱ्या घरात हीच गत रोजची असते. आपल्या वस्त्यांत कुणी श्रद्धेने मांसाहार सोडला आहे, कुणाला तो परवडत नाही. कारण काहीही असो, सोडलेल्या पदार्थाच्या जागी काय ठेवलं, हे पाहायला हवं.

आधी ओमेगा-३ चं पाहू, कारण त्याचं सगळ्यात चांगलं शाकाहारी साधन आपल्याच धानपट्ट्यात पिकतं. ते म्हणजे जवस. चंद्रपूर आणि गडचिरोलीत धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच जवस किंवा लाखोळीचं बी फेकायची रीत आहे. तिला उतेरा म्हणतात. वेगळी नांगरट नाही, पाणी नाही. ज्या घरात धानासोबत जवस यायचं, त्या घरात जवसाची चटणी आणि जवसाचं तेलही असायचं. पुढे पाकिटातलं तेल आलं आणि जवस गरिबाचं खाणं ठरून मागे पडलं. माझं म्हणणं असं की या बदलात आपण घरचं सोडून काहीच मोठं मिळवलं नाही.

१०० ग्रॅम जवसात सुमारे २२ ग्रॅम ओमेगा-३ असतं. मोठ्या माणसाला दिवसाला एक ते दीड ग्रॅम लागतं. म्हणजे दळलेल्या जवसाचे चहाचे दोन भरलेले चमचे, साधारण ७ ग्रॅम, एका माणसाला पुरतात. प्राथमिक शाळेतल्या मुलाला त्याच्या निम्मं पुष्कळ झालं. समजा मूल तालुक्यातल्या एखाद्या वस्तीत आजी, आई, बाप आणि दोन मुलं असं घर आहे. तिघा मोठ्यांचे २१ ग्रॅम आणि मुलांचे ७ ग्रॅम मिळून रोज २८ ग्रॅम होतात. आठवड्याला २०० ग्रॅम, महिन्याला किलोभराच्या आत. ओमेगा-३ च्या गोळ्यांची बाटली विकत आणायची गरज या घराला नाही.

पण जवस खाण्यात दोन चुका होतात. पहिली, ते अख्खंच खाल्लं जातं. जवसाचं साल कठीण असतं, अख्खा दाणा पोटातून तसाच बाहेर पडतो. म्हणून दळायलाच हवं. मंद आचेवर कोरडं भाजावं, दाणे तडतडायला लागले की उतरवावं. काळं पडेपर्यंत भाजू नये. गार झाल्यावर लसूण, जिरं, लाल मिरची आणि मीठ घालून कुटावं. मुलांसाठी बिनतिखट पूड वेगळी ठेवावी, ती वरणभातावर घालता येते. दुसरी चूक म्हणजे महिन्याची चटणी एकदम करून ठेवणं. जवसाचं तेल हवेने लवकर खवट होतं. घराला दिलेल्या नव्या रंगासारखा वास आला किंवा जिभेला कडवट लागलं, तर ती चटणी टाकून द्यावी. आठ-दहा दिवसांपुरतीच करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. जवसाच्या तेलात तळण करू नये. आणि रंगाच्या दुकानात मिळणारं जवसाचं तेल तर तोंडातही घालू नये, त्यात रंग लवकर वाळावा म्हणून रसायनं घातलेली असतात.

घरातलं रोजचं तेल कोणतं, तेही पाहावं. सोयाबीन तेलात थोडं ओमेगा-३ असतं, मोहरीच्या तेलात त्याहून जास्त. सूर्यफूल, शेंगदाणा, सरकी आणि पामतेलात ते नसल्यासारखंच. सुटं तेल घेतलं तर आत काय आहे ते कळतच नाही. सोयाबीन तेल वापरणाऱ्या घराची गरज बरीचशी भागलेली असते, त्यांना जवस निम्मं खाल्लं तरी चालेल. पामतेल वापरणाऱ्या घराला मात्र जवस पूर्ण मापाने लागतं.

जवसाची मर्यादाही सांगायला हवी. जवसातलं ओमेगा-३ आणि माशातलं ओमेगा-३ एकच नाही. आपलं शरीर जवसातल्या स्निग्धाचं माशातल्यासारखं स्निग्ध बनवतं, पण फारच थोडं. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई यांना माशातल्या प्रकाराची गरज जास्त असते. त्यामुळे घरात अंडं चालत असेल तर पहिला वाटा त्यांचा असावा. अजिबात चालत नसेल तर शैवालापासून केलेल्या गोळ्या मिळतात (मासाही हे स्निग्ध मुळात शैवालातूनच मिळवतो), पण त्या महाग असतात आणि डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

आता जस्त. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ६ मिलिग्रॅम लागतं. त्याने दिवसभरात २०० ग्रॅम तांदळाचा भात, ५० ग्रॅम तुरीच्या डाळीचं वरण आणि एक ज्वारीची भाकर खाल्ली तर सगळं मिळून पाचच्या आत-बाहेर जातं. मूठभर हरभऱ्याची उसळ आणि दोन चमचे तीळ वाढवले की सहाच्या वर जातं. १०० ग्रॅम तिळात ७ मिलिग्रॅमहून जास्त जस्त असतं, हरभऱ्यात आणि शेंगदाण्यात तीनच्या वर. लाल भोपळ्याच्या, म्हणजे आपल्या कोहळ्याच्या, बियाही तिळाच्याच तोलाच्या आहेत आणि त्या आपण उकिरड्यावर टाकतो. त्या धुऊन, वाळवून, भाजून खाव्यात.

मात्र कागदावरचं जस्त आणि अंगी लागलेलं जस्त यांत फरक पडतो. धान्य आणि कडधान्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो जस्ताला धरून ठेवतो. तो कमी करायची युक्ती आपल्या आया-आज्यांकडे होतीच. हरभरा, मूग, मटकी रात्रभर भिजवावी, ते पाणी फेकावं, फडक्यात बांधून एक दिवस मोड आणावेत. ज्वारीच्या पिठाचं आंबील रात्री आंबवून ठेवावं. भिजवल्याने, मोड आणल्याने आणि आंबवल्याने फायटेट कमी होतं आणि त्याच दाण्यातलं जस्त जास्त अंगी लागतं. घाईत कुकरला लावलेल्या न भिजवलेल्या हरभऱ्याला हा फायदा नाही.

जस्त कमी आहे हे घरी ओळखायची सोपी खूण नाही. मुलाची वाढ रेंगाळते, जखम लवकर भरत नाही, हगवण वारंवार लागते, पण या गोष्टी दुसऱ्या कारणांनीही होतात. म्हणून वजन-उंची मोजून घ्यावी. हगवण लागली तर ओआरएससोबत झिंकची गोळी मिळते. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, आणि सलग १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून बहुतेक घरं गोळी तिथेच सोडतात. तसं करू नये.

राहिलं आयोडिन. ते जवसातही नाही, तिळातही नाही. पिकातलं आयोडिन जमिनीवर अवलंबून असतं आणि समुद्रापासून दूरच्या, पावसाने धुतलेल्या जमिनीत ते कमी असतं. शाकाहारी घराला त्याचा भरवशाचा मार्ग एकच, आयोडिनयुक्त मीठ. कायद्याने घरी पोहोचणाऱ्या मिठात एका ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडिन असायला हवं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला त्याहून बरंच जास्त. म्हणून मीठ वाढवायचं नाही, योग्य मीठ आणायचं. खाण्यासाठी बिनआयोडिनचं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे, तरी सुटं खडे मीठ दुकानात दिसतं. सैंधवातही आयोडिन घातलेलं नसतं. मीठ उघड्या भांड्यात चुलीशेजारी ठेवलं, ओलं झालं किंवा खडे धुऊन वापरले तर असलेलं आयोडिनही जातं. झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावं आणि भाजी उतरवताना घालावं. आशाताईंकडे मीठ तपासायचं द्रावण असेल तर एक थेंब टाकून पाहावं. मीठ निळं-जांभळं झालं तर आयोडिन आहे. पांढरंच राहिलं तर ते मीठ बदलावं. विहारात बायका जमतात त्या दिवशी प्रत्येकीने घरचं चमचाभर मीठ पुडीत आणलं, तर एका बैठकीत वस्तीची तपासणी होईल.

आता पुन्हा शाळेकडे येऊ. ५ ग्रॅम जवस, १० ग्रॅम तीळ, १० ग्रॅम शेंगदाणे, सगळं भाजून-कुटून गुळात वळलं तर एक छोटा लाडू होतो. त्यात एक ग्रॅमच्या वर ओमेगा-३ आणि सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास जस्त येतं, अंड्याच्या दुप्पट. आयोडिन त्यात नाही, ते मिठातून यायला हवं. बी-१२ जीवनसत्त्वही नाही, त्यासाठी दूध-दही लागेल. लाडू म्हणजे अंडं नव्हे, पण केळ्यापेक्षा तो अंड्याच्या कितीतरी जवळ आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक बसतात. त्यांनी पुढच्या बैठकीत दोन गोष्टी लेखी मागाव्यात. खाणाऱ्या मुलाला अंडं परत मिळावं आणि त्याचा खर्च वर्गणीवर न टाकता शासनाने उचलावा. न खाणाऱ्या मुलाला नुसतं केळं न देता सोबत हा लाडू मिळावा. आणि तोवर घरातला जवसाचा डबा रिकामा ठेवू नये.